ताटातील कॅलरींची विभागणी : बेंगळुरूच्या शालेय भोजनाचा हिशेब

बेंगळुरू : सहावी ते आठवीच्या एका विद्यार्थ्याच्या मध्यान्ह भोजनासाठी शासनाने ठरवलेला शिधा असा आहे : १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल. यातून मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा आहे. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी हे आकडे अनुक्रमे १०० ग्रॅम, २० ग्रॅम, ५० ग्रॅम, पाच ग्रॅम, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने असे आहेत. बेंगळुरूच्या सरकारी शाळांत हा शिधा कधी सांबार-भात, तर कधी बिसीबेळे भात अशा रूपांत ताटात येतो. बिसीबेळे भात हा तांदूळ, तूरडाळ, भाजी आणि मसाला एकत्र शिजवून केलेला कन्नड पदार्थ. मराठी घरातल्या मसालेभाताला आणि सांबाराला एकाच पातेल्यात घातले, तर जे होईल त्याच्या जवळपास तो जातो.

निकषात कॅलरी आणि प्रथिने आहेत. त्या कॅलरी कशातून याव्यात हे मात्र त्यात सांगितलेले नाही. एखाद्या जेवणातील ऊर्जेचा किती वाटा प्रथिनांचा, किती कर्बोदकांचा आणि किती स्निग्ध पदार्थांचा, हे काढून ते आपण ठरवलेल्या विभागणीशी ताडून पाहणे हा आहारशास्त्रातला अगदी प्राथमिक हिशेब आहे. तो करायला वजनकाटा, अन्नघटकांचा तक्ता आणि शाळेतले गणित पुरते. शालेय ताटाला तो लावला की निकष पूर्ण होऊनही काय सुटते ते दिसते.

या निकषाला मोठा इतिहास आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला, तेव्हा किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने एवढीच अट होती. पुढे ती वाढत गेली. कर्नाटकात ही योजना ‘अक्षर दासोह’ या नावाने चालते. केंद्राच्या योजनेला २०२१ पासून ‘पीएम पोषण’ हे नाव आहे. मोठ्या स्वयंपाकघरातून अनेक शाळांना जेवण पोहोचवण्याची जी पद्धत आज अनेक राज्यांत दिसते, तिचे सर्वांत परिचित उदाहरण असलेल्या अक्षय पात्र संस्थेचे काम २००० साली बेंगळुरूतच, पाच शाळांतील दीड हजार मुलांपासून सुरू झाले.

चार, चार आणि नऊ

हिशेबाचा पाया तीन आकड्यांचा आहे. एक ग्रॅम प्रथिनातून चार कॅलरी, एक ग्रॅम कर्बोदकातून चार आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून नऊ कॅलरी मिळतात. हे आकडे अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या प्रयोगांतून आले आहेत. अन्न जाळून निघणाऱ्या उष्णतेतून न पचलेला आणि लघवीवाटे जाणारा भाग वजा करून त्यांनी ही सरासरी बसवली. मिश्र आहारासाठी ती आजही वापरली जाते. आहाराच्या संदर्भात कॅलरी म्हणतात ती प्रत्यक्षात किलोकॅलरी असते, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

या आकड्यांतच पहिली चूक दडलेली असते. ताटात २० ग्रॅम प्रथिने, १३७ ग्रॅम कर्बोदके आणि नऊ ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतील, तर वजनाने स्निग्धांशाचा वाटा साडेपाच टक्क्यांच्याही आत दिसतो. पण कॅलरींत तोच वाटा ११ टक्क्यांहून अधिक निघतो, कारण स्निग्ध पदार्थाचा प्रत्येक ग्रॅम इतरांच्या सव्वादोन पट ऊर्जा देतो. दुधाचे उदाहरण अधिक बोलके आहे. कर्नाटकात घरोघरी येणाऱ्या निळ्या पिशवीतील टोन्ड दुधात तीन टक्के स्निग्धांश असतो, आणि ‘तीन टक्के’ हे शब्द ऐकून ते जवळजवळ फॅटविरहित असल्याचा समज होतो. शंभर ग्रॅम अशा दुधात साधारण ५८ कॅलरी असतात आणि त्यांतील २७ स्निग्धांशातून येतात. म्हणजे ऊर्जेतला वाटा सुमारे ४७ टक्के. वजनाची टक्केवारी आणि कॅलरीची टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेष्टनावर बहुधा पहिली छापलेली असते. विभागणी तपासताना दुसरी लागते.

तक्ता कोणता घ्यायचा

भारतीय पदार्थांसाठी सर्वांत उपयोगी तक्ता हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला आहे. त्यात देशाच्या वेगवेगळ्या भागांतून गोळा केलेल्या पदार्थांचे पृथक्करण आहे, आणि ते कच्च्या पदार्थांचे आहे. त्यानुसार शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात जवळपास आठ ग्रॅम प्रथिने, ७८ ग्रॅम कर्बोदके, अर्धा ग्रॅम स्निग्धांश आणि तीन ग्रॅमच्या आत तंतुमय भाग असतो. शंभर ग्रॅम तूरडाळीत २१.७ ग्रॅम प्रथिने, ५५ ग्रॅम कर्बोदके, दीड ग्रॅम स्निग्धांश आणि नऊ ग्रॅम तंतुमय भाग. तेल म्हणजे संपूर्ण स्निग्ध पदार्थ, त्यामुळे त्याला तक्ता लागत नाही.

तंतुमय भाग वेगळा दाखवला आहे, हे या तक्त्याचे वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे लागते. अनेक परदेशी तक्त्यांत, तसेच जुन्या भारतीय तक्त्यांतही, कर्बोदके ‘वजाबाकीने’ काढलेली असतात : शंभरातून पाणी, प्रथिने, स्निग्धांश आणि राख वजा केली की उरते ते कर्बोदक. त्यात तंतुमय भाग मिसळलेला राहतो. त्या पद्धतीने तूरडाळीतील कर्बोदके ५५ ऐवजी ६४ ग्रॅम होतात. तांदळाच्या बाबतीत फरक थोडा असतो, डाळी आणि कडधान्यांच्या बाबतीत मोठा. तांदूळ एका तक्त्यातून आणि डाळ दुसऱ्या तक्त्यातून घेतली, तर एकाच ताटात दोन वेगवेगळ्या व्याख्या मिसळतात. खाली येणाऱ्या शालेय ताटात या एका कारणाने कर्बोदकांचा वाटा सुमारे एक टक्क्याने बदलतो. तो बदल गंभीर नाही, पण रोज मोड आलेली मटकी आणि चणे खाणाऱ्याच्या ताटात तो याहून बराच मोठा असू शकतो.

प्रत्यक्ष मांडणी

आता सहावी ते आठवीच्या ताटाचा हिशेब. धान्य म्हणून तांदूळ, डाळ म्हणून तूरडाळ, भाजी म्हणून फरसबी आणि गाजर यांचे मिश्रण धरू.

दीडशे ग्रॅम तांदळातून १२ ग्रॅम प्रथिने, ११७ ग्रॅम कर्बोदके आणि पाऊण ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश मिळतो. तीस ग्रॅम तूरडाळीतून साडेसहा ग्रॅम प्रथिने, साडेसोळा ग्रॅम कर्बोदके आणि अर्धा ग्रॅम स्निग्धांश. पाऊणशे ग्रॅम भाजीतून अंदाजे दीड ग्रॅम प्रथिने आणि तीन ग्रॅम कर्बोदके. तिचा स्निग्धांश नगण्य. तेलातून साडेसात ग्रॅम स्निग्ध पदार्थ. बेरीज केली की पूर्णांकांत २० ग्रॅम प्रथिने, १३७ ग्रॅम कर्बोदके आणि नऊ ग्रॅम स्निग्ध पदार्थ होतात.

त्यांना चार, चार आणि नऊ यांनी गुणले की प्रथिनांच्या ८० कॅलरी, कर्बोदकांच्या ५४८ आणि स्निग्ध पदार्थांच्या ८१ मिळतात. एकूण ७०९. निकष ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनांचा आहे, म्हणजे शिधा पूर्ण पडला तर निकष अचूक पाळला जातो. शिधा ठरवणाऱ्यांनी हे गणित नीट केले होते, हे यावरून दिसते.

आता वाटा काढू. ८० ला ७०९ ने भागले की प्रथिने ११.३ टक्के, कर्बोदके ७७.३ टक्के, स्निग्ध पदार्थ ११.४ टक्के. पहिली ते पाचवीच्या शिध्याचा हिशेब केला तरी प्रमाण जवळजवळ हेच येते, कारण तो शिधा मोठ्या शिध्याच्या दोन तृतीयांश आहे.

तिन्ही वाट्यांची बेरीज शंभर आली पाहिजे, ही पहिली पडताळणी. दुसरी पडताळणी एकूण कॅलरींची. तक्त्यात दिलेल्या ऊर्जेच्या आकड्यांची थेट बेरीज केली तर ती आपल्या ७०९ पेक्षा थोडी अधिक येते, कारण राष्ट्रीय पोषण संस्थेचा तक्ता तंतुमय भागातूनही काही ऊर्जा धरतो. हा फरक दोन-तीन टक्क्यांचा असेल तर काळजीचे कारण नाही. दहा टक्क्यांच्या पुढे गेला तर कुठेतरी वजन किंवा दशांश चिन्ह चुकले आहे असे समजावे.

विभागणीशी तुलना

ताडून पाहण्यासाठी एखादी विभागणी निवडावी लागते आणि ही निवड हिशेबापेक्षा अवघड असते. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञगटाने २००३ मध्ये दिलेल्या मर्यादा अशा : कर्बोदके ५५ ते ७५ टक्के, स्निग्ध पदार्थ १५ ते ३० टक्के, प्रथिने १० ते १५ टक्के. अमेरिकेत प्रौढांसाठी कर्बोदके ४५ ते ६५, स्निग्ध पदार्थ २० ते ३५ आणि प्रथिने १० ते ३५ टक्के अशा मर्यादा वापरल्या जातात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी हीच गोष्ट अन्नगटांच्या भाषेत सांगितली आहे : दिवसभरातील ऊर्जेपैकी तृणधान्यांचा वाटा ४५ टक्क्यांच्या पुढे जाऊ नये.

शालेय ताट यांतील सर्वांत उदार मर्यादेतही बसत नाही. कर्बोदके ७५ च्या वर आहेत आणि स्निग्ध पदार्थ १५ च्या खाली. प्रथिनांचा वाटा मात्र मर्यादेत आहे, त्यामुळे केवळ प्रथिने आणि कॅलरी पाहणाऱ्या निकषाला काही खटकत नाही. एकट्या तांदळातून ताटातील ७४ टक्के ऊर्जा येते. हा केवळ शाळेचा प्रश्न नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी ‘इंडियाब’ पाहणीचे आहारविषयक निष्कर्ष २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतीय प्रौढांच्या आहारात सरासरी ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. शाळेचे ताट या सरासरीच्याही पंधरा टक्के पुढे आहे.

येथे एक सावधगिरी हवी. या सर्व मर्यादा दिवसभराच्या, किंबहुना अनेक दिवसांच्या सरासरी आहारासाठी आहेत. एका जेवणाने त्या पाळल्याच पाहिजेत असे नाही. सकाळी दूध, दुपारी भात आणि रात्री भाकरी-पिठले असे खाणाऱ्याचे एखादे ताट भाताकडे झुकलेले असले तरी दिवस तोलून जातो. पण ज्या मुलाच्या घरीही रात्री भात आणि पातळ सारच असते, त्याच्या बाबतीत दुपारच्या ताटाचा तोल घरी सावरला जाईल अशी खात्री देता येत नाही.

लक्ष्यावरून उलट हिशेब

वाटे नुसते काढून फरक किती हे कळते. काय बदलायचे हे कळत नाही. त्यासाठी उलट दिशेने जावे लागते. समजा १५ टक्के प्रथिने, ५५ टक्के कर्बोदके आणि ३० टक्के स्निग्ध पदार्थ अशी विभागणी निवडली. सातशे कॅलरींचे १५ टक्के म्हणजे १०५, भागिले चार, म्हणजे २६ ग्रॅम प्रथिने. पंचावन्न टक्के म्हणजे ३८५ कॅलरी, म्हणजे ९६ ग्रॅम कर्बोदके. तीस टक्के म्हणजे २१० कॅलरी, भागिले नऊ, म्हणजे २३ ग्रॅम स्निग्ध पदार्थ.

प्रत्यक्ष ताटात २०, १३७ आणि ९ आहेत. म्हणजे प्रथिने सहा ग्रॅम कमी, कर्बोदके ४१ ग्रॅम जास्त आणि स्निग्ध पदार्थ १४ ग्रॅम कमी. आता प्रश्न स्वयंपाकाच्या भाषेत आला. एक्केचाळीस ग्रॅम कर्बोदके म्हणजे पन्नासेक ग्रॅम तांदूळ. तेवढा तांदूळ काढायचा, तर त्याच्याबरोबर चार ग्रॅम प्रथिनेही जातात, हे अनेकदा विसरले जाते. म्हणजे प्रथिनांची तूट सहा नव्हे, दहा ग्रॅमची भरून काढावी लागते.

तांदूळ १०० ग्रॅम केला, डाळ आणि भाजी तशीच ठेवली, तेल दहा ग्रॅम केले, त्यात १५ ग्रॅम शेंगदाणे घातले आणि एक उकडलेले अंडे दिले, असे धरू. पन्नास ग्रॅमच्या अंड्यात साधारण साडेसहा ग्रॅम प्रथिने आणि पाच ग्रॅम स्निग्धांश असतो. शेंगदाण्यातून साडेतीन ग्रॅम प्रथिने, सहा ग्रॅम स्निग्धांश आणि अडीच ग्रॅम कर्बोदके मिळतात. बेरीज २६ ग्रॅम प्रथिने, १०० ग्रॅम कर्बोदके आणि २२ ग्रॅम स्निग्ध पदार्थांच्या घरात जाते. कॅलरी ७०२ आणि वाटे पंधरा, सत्तावन्न, अठ्ठावीस. निवडलेल्या विभागणीपासून हे दोन टक्क्यांत आहे. वजनकाट्याची आणि तक्त्याची अचूकता पाहता याहून जवळ जाण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे.

कागदावर सुटलेले हे गणित स्वयंपाकघरात अडते ते पैशापाशी. योजनेत धान्य भारतीय अन्न महामंडळाकडून विनामूल्य मिळते. तांदूळ पन्नास ग्रॅमने कमी केला तरी शाळेच्या हाती एक रुपयाही शिल्लक राहत नाही. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी वेगळी रक्कम ठरलेली असते; १ मे २०२५ पासून सहावी ते आठवीसाठी ती दर विद्यार्थी दर दिवशी १० रुपये १७ पैसे आहे. शेंगदाणे, वाढीव तेल आणि अंडे सगळे याच बाजूला येतात. ताटात कर्बोदके स्वस्त असण्याचे आणि बाकी सारे महाग असण्याचे कारण येथे आहे.

अंडे, केळे, चिक्की

कर्नाटकने यावर अंड्याचा मार्ग काढला आणि त्याचा खर्च मूळ शिध्यापासून वेगळा ठेवला. २०२४ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनशी करार होऊन आठवड्याचे सहाही दिवस अंडे देण्याची सोय झाली. जी मुले अंडे खात नाहीत त्यांना केळे किंवा शेंगदाण्याची चिक्की देण्याची तरतूद तेव्हा होती. अंड्यावरून राज्यात झालेला वाद मुख्यतः श्रद्धेचा आणि आहारपरंपरेचा होता. अक्षय पात्रच्या स्वयंपाकघरांतही अंडी शिजत नाहीत. पण अंडे आणि केळे एकमेकांना पर्याय आहेत का, हा प्रश्न हिशेबाने तपासता येतो.

मूळ ताटात एक अंडे वाढवले तर एकूण कॅलरी ७८० होतात. वाटे : प्रथिने १३.६, कर्बोदके ७०.३, स्निग्ध पदार्थ १६.२ टक्के. ताट २००३ च्या मर्यादेत आले. अंड्याऐवजी मध्यम आकाराचे केळे दिले, तर त्यातून १९ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके आणि एखादा ग्रॅम प्रथिन मिळते. कॅलरी ७९० च्या घरात, म्हणजे अंड्याइतक्याच. पण वाटे प्रथिने साडेदहा, कर्बोदके ७९ आणि स्निग्ध पदार्थ साडेदहा टक्के. म्हणजे आधीच झुकलेले ताट आणखी झुकते. केळ्यात पोटॅशियम आणि इतर गुण आहेत, त्याबद्दल वाद नाही. ऊर्जेच्या विभागणीच्या दृष्टीने मात्र ते अंड्याच्या विरुद्ध दिशेने काम करते.

चिक्की या दोहोंच्या मध्ये पडते. निम्मे शेंगदाणे आणि निम्मा गूळ अशी चाळीस ग्रॅमची चिक्की धरली, तर ताट सुमारे ८८० कॅलरींचे होते. स्निग्ध पदार्थांचा वाटा १७ टक्क्यांपर्यंत चढतो, कर्बोदके ७१ वर येतात आणि प्रथिनांचा वाटा जिथे होता तिथेच, ११ टक्क्यांवर राहतो. प्रथिनांचे ग्रॅम जवळपास पाचने वाढलेले असतात, तरीही वाटा हलत नाही. कारण गुळाने आणि तेलाने एकूण कॅलरीही त्याच प्रमाणात वाढवलेल्या असतात.

टक्केवारीचा हा स्वभाव ओळखला नाही तर चुकीचे निष्कर्ष निघतात. तिन्ही वाटे एकमेकांना बांधलेले आहेत. मूळ बिसीबेळे भातावर दहा ग्रॅम तूप सोडले, तर प्रथिनांचा एक कणही कमी होत नाही, पण त्यांचा वाटा ११.३ वरून दहा टक्क्यांवर उतरतो. म्हणून टक्केवारीबरोबर ग्रॅमही लिहून ठेवावेत. प्रथिनांची गरज शरीराच्या वजनावर ठरते, टक्क्यांवर नाही. कमी खाणाऱ्या मुलाच्या ताटात १५ टक्के प्रथिने असली तरी ग्रॅम अपुरे पडू शकतात.

शिजलेले वजन आणि वरचे तेल

प्रत्यक्षात सर्वाधिक चुका वजन करताना होतात. तक्ता कच्च्या तांदळाचा असतो आणि काट्यावर शिजलेला भात येतो. दीडशे ग्रॅम तांदळाचा भात चारशे ग्रॅमच्या आसपास भरतो. वाढलेले वजन केवळ पाण्याचे असते. त्या चारशे ग्रॅमला कच्च्या तांदळाचे आकडे लावले आणि डाळ-तेल मात्र शिध्याप्रमाणे धरले, तर ताट जवळपास १,६०० कॅलरींचे होते, कर्बोदके ८४ टक्के आणि स्निग्ध पदार्थ सहा टक्क्यांच्या आत दिसतात. एका वेळच्या जेवणात १,६०० कॅलरी निघाल्या, हेच चूक झाल्याचे लक्षण.

गंमत अशी की तांदूळ, डाळ, भाजी आणि तेल सगळेच एका पातेल्यात शिजले असतील, तर पाण्याने वाटे बदलत नाहीत. पातेल्यात जाणाऱ्या प्रत्येक जिन्नसाचे कच्चे वजन नोंदवले, की त्या पातेल्यातल्या कोणत्याही वाढीचे प्रमाण तेच राहते, वाढ लहान असो वा मोठी. बिसीबेळे भातासारखा पदार्थ या दृष्टीने तपासायला सोपा. सांबार आणि भात वेगळे वाढले जातात तेव्हा कोणी भात जास्त घेतो, कोणी सांबार. कॅलरी काढायच्या असतील तर मात्र तयार पदार्थाचे एकूण वजन आणि ताटातल्या वाढीचे वजन दोन्ही लागतात. एकूण वजनाच्या जितका भाग ताटात, तितकाच भाग प्रत्येक कच्च्या जिन्नसाचा.

याला अपवाद तेलाचा. फोडणीचे तेल वर तरंगते. मोठ्या हंड्यातून वरचा डाव घेणाऱ्या मुलाला आणि तळाचा डाव मिळालेल्याला सारखे ताट मिळत नाही. नमुना घेण्यापूर्वी हंडा तळापासून ढवळावा लागतो. घरच्या स्वयंपाकातही सर्वांत मोठी अनिश्चितता तेलाचीच असते, कारण ते मोजून घातले जात नाही. एक चहाचा चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आसपास तेल अधिक पडले, की ४५ कॅलरी वाढतात आणि ७०९ कॅलरींच्या ताटात स्निग्ध पदार्थांचा वाटा ११ वरून जवळजवळ १७ टक्क्यांवर जातो. तांदळाच्या वजनात पाच ग्रॅमची चूक झाली तर वाटे अर्ध्या टक्क्यानेही हलत नाहीत. त्यामुळे काळजीपूर्वक मोजायचे एकच काही निवडायचे झाले, तर ते तेल. आठवडाभर लागणारे तेल बाटलीच्या वजनातील फरकावरून काढून त्याला ताटांच्या संख्येने भागणे, ही चमच्यांच्या अंदाजापेक्षा विश्वासार्ह पद्धत आहे.

वाट्यांत न दिसणारे

प्रथिनांचा वाटा बरोबर निघाला, तरी ते प्रथिन शरीराच्या किती उपयोगाचे हे त्यातून कळत नाही. तांदळाच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. डाळीच्या प्रथिनात ते भरपूर असते. म्हणूनच वरण-भात किंवा सांबार-भात ही जोडी एकट्या भातापेक्षा सरस ठरते. याविषयीचे महत्त्वाचे संशोधन बेंगळुरूतच झाले आहे. सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. अनुरा कुरपाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय प्रौढांची लायसिनची गरज मोजली. जागतिक आरोग्य संघटनेचा १९८५ चा अंदाज शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला १२ मिलिग्रॅमचा होता. २००७ च्या अहवालात तो ३० मिलिग्रॅम करण्यात आला.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींत तृणधान्य आणि डाळ यांचे प्रमाण तीनास एक असावे आणि जोडीला दूध असावे असे सुचवले आहे. शालेय शिध्यात हे प्रमाण पाचास एक आहे. निकषातील २० ग्रॅम प्रथिनांपैकी १२ ग्रॅम तांदळातून येतात, ही गोष्ट ११.३ टक्के या आकड्यामागे झाकली जाते. ती पाहायची असेल तर प्रथिनांची बेरीज करण्यापूर्वीच प्रत्येक जिन्नसाचा आकडा वेगळा लिहावा लागतो. कर्बोदकांचेही तसेच : केळ्यातील, गुळातील आणि तांदळातील कर्बोदके हिशेबात एकाच रकान्यात जातात, पण रक्तातील साखरेवर त्यांचा परिणाम सारखा नसतो.